मीटिंगला बोलावत नाहीत, हे कागदावर कसं दाखवायचं?

तिसरी पाळी | शनिवार, १८ एप्रिल, रात्री १०.४०

चाकणच्या बाजूला ऑटो पार्ट्सच्या एका कंपनीत मी क्वालिटी मॅनेजर आहे. नाव सांगणार नाही, कृपया अंदाजही बांधू नका. मॅनेजर पातळीवर मी एकटीच बाई. दोन वर्षं ठीक चाललं होतं. गेल्या जूनमध्ये प्लांट हेड बदलले आणि हळूहळू मला मीटिंगांमधून वगळायला सुरुवात झाली. डेव्हिएशनचे निर्णय, म्हणजे मापात न बसलेला माल सवलतीने पाठवायचा की नाही, हे माझ्या सहीशिवाय होऊच नयेत असं आमच्या प्रोसिजरमध्ये लिहिलंय. ते निर्णय आता माझ्या डेप्युटीला केबिनमध्ये बोलावून होतात. त्याने माझ्या वतीने सही ठोकली की मला दुसऱ्या दिवशी कळतं.

सोबत प्लांट हेडचं बोलणंही आहे. "मॅडम असल्या की मोकळं बोलता येत नाही, शिवी घातल्याशिवाय प्रॉडक्शन निघत नाही." हे चार जणांसमोर, हसत हसत. २९ जानेवारीला मी एक लॉट थांबवला तेव्हा म्हणाले, "घरी नवऱ्यालाही असंच रिजेक्ट करता का?" सगळे हसले. मीही कसनुसं हसले, त्याचा राग अजून गेलेला नाही.

एचआरकडे तोंडी बोलले. तिथल्या बाईंनी विचारलं, "नेमकं काय झालं ते लिहून द्याल का?" घरी येऊन लिहायला बसले आणि दोन पानं भरली. वाचून पाहिलं तर नुसतं रडगाणं. "मला सतत डावललं जातं", "सगळ्यांचं आधीच ठरलेलं असतं." खरं आहे, पण वाचणाऱ्याला काय कळणार? एकेक गोष्ट सुटी काढली की क्षुल्लक वाटते. कुणी असं लिहून दिलंय का? कसं लिहिलंत?

---

निवांत | शनिवार, रात्री ११.०५

मीटिंगला बोलावत नाहीत ही तक्रार आहे? ताई, मी तर बोलावू नये म्हणून नवस बोललोय. आठवड्याला २६ तास मीटिंगा. बदली करूया का?

---

शेंगदाणा चटणी | शनिवार, रात्री ११.२०

निवांत, तुम्हाला बोलावतात म्हणून तुम्हाला कंटाळा करता येतो. माल परत आला की जबाब कोणाला द्यावा लागतो ते विचारा त्यांना.

---

तिसरी पाळी | शनिवार, रात्री ११.३२

अगदी तेच. फेब्रुवारीत एका ब्रॅकेटचं बोअर, म्हणजे पिनेचं भोक, मोठं निघालं. ड्रॉइंगप्रमाणे २५.०२१ मिमीपर्यंत चालतं, तुकडे २५.०३५ भरत होते. १,२०० नग डेव्हिएशनवर गेले. मला विचारलं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं, कारण त्यात पिन प्रेस फिट बसते, सैल बसून चालत नाही. कस्टमरच्या लाइनवर पिना सुटल्या. उत्तर द्यायला मेल मला, फोन मला, आणि तिथे जाऊन माल निवडत उभी राहिले तीही मीच. डेव्हिएशनच्या कागदावर सही डेप्युटीची, माझ्या नावापुढे.

---

सह्याद्रीचा वारा | रविवार, १९ एप्रिल, सकाळी ७.१५

सरळ पॉश, म्हणजे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा. हे सगळं त्यात बसतं. मीटिंगमधून वगळणं म्हणजे प्रतिकूल वातावरण, कलम ३ वाचा. तक्रारीची मुदत शेवटच्या घटनेपासून तीन महिने. तुमच्याकडे घटना रोजच घडतायत, म्हणजे मुदत संपणारच नाही. घाई करू नका. सहा महिने फोन खिशात चालू ठेवून सगळं रेकॉर्ड करा, मग एकदाच दणका द्या. शिवाय पोलिसात न्याय संहितेचं कलम ७९, बाईचा शब्दांनी अपमान केल्याचं.

---

रानजाई | रविवार, सकाळी ९.५०

वारा, तुमच्या सल्ल्यातला "घाई करू नका" हा भाग फार महागात पडेल, म्हणून चहा बाजूला ठेवून लिहितेय.

मी नऊ वर्षं वेगवेगळ्या कंपन्यांच्या अंतर्गत समित्यांवर, म्हणजे या कायद्याखालच्या तक्रारी ऐकणाऱ्या समित्यांवर, बाहेरची सदस्य म्हणून बसतेय. शेवटच्या घटनेपासून तीन महिने हे बरोबर. पण ती शेवटची घटना लैंगिक स्वरूपाची असावी लागते. पश्चिम बंगालमधल्या एका विधी विद्यापीठातल्या प्राध्यापिकेचं प्रकरण सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघालं. कुलगुरूंविरुद्धच्या तक्रारीतला शेवटचा लैंगिक प्रसंग एप्रिल २०२३ चा होता आणि तक्रार दिली डिसेंबर २०२३ मध्ये. मधल्या काळात तिला एका केंद्राच्या संचालकपदावरून काढलं होतं. त्यामुळे छळ पुढे चालूच राहिला, असं तिचं म्हणणं होतं. न्यायालयाने ते काढणं प्रशासकीय धरलं, मुदत त्याने पुढे ढकलली नाही, आणि तक्रार मुदतबाह्य ठरली.

तिसरी पाळी, आता तुमची तारीख बघा. नवऱ्याचं वाक्य २९ जानेवारीचं, तीन महिने भरतात २९ एप्रिलला. आज १९. त्यानंतर असं काही बोलले नसतील तर तुमच्या हातात दहा दिवस आहेत. उशिराचं कारण पटलं तर समिती ते लेखी नोंदवून आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते, पण त्यावर विसंबू नका.

दुसरी गोष्ट जरा कडू आहे. ते वाक्य समितीला लैंगिक वाटेलच असं नाही. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे पुण्यातल्या एका बँकेचं प्रकरण होतं. ट्रेनिंगमध्ये एका सहकारी बाईच्या लांब केसांवरून "हे आवरायला जेसीबी लागत असेल" अशा अर्थाची टिप्पणी आणि वर एक गाणं. न्यायालय म्हणालं, हे घडलं असं धरलं तरी याला लैंगिक छळ म्हणणं कठीण आहे. तुमच्या वाक्यात नवरा आणि रिजेक्ट हे शब्द जोडून आलेत, त्यामुळे ते केसांच्या टिप्पणीपेक्षा पुढचं आहे असं मला वाटतं. समितीतल्या पाचपैकी तिघांना तसं वाटेल का, ते आज सांगता येणार नाही.

---

कागदी घोडे | रविवार, सकाळी ११.१०

तीस वर्षं पर्सोनेलमध्ये काढून निवृत्त झालोय. टेबलाच्या पलीकडच्या बाजूने बोलतो, राग मानू नका.

असा कागद माझ्याकडे आला की मी पहिला प्रश्न हा विचारायचो: साहेब बाईंना टाळतात, की या बाईंना टाळतात, की सगळ्यांनाच टाळतात? नवा साहेब आला की आपली माणसं गोळा करतो, जुन्यांना बाजूला सारतो. पुरुषांचंही होतं. तुमच्या दोन पानांत या प्रश्नाचं उत्तर नसेल तर कंपनीचा वकील पहिल्या पाच मिनिटांत तेच विचारेल.

आणि वारासाहेब, सहा महिने खिशात रेकॉर्डिंग? कंपनीच्या नियमात बंदी असेल तर तक्रार राहील बाजूला आणि चौकशी बाईंचीच लागेल.

---

रानजाई | रविवार, दुपारी १२.३०

कागदी घोडे यांचा प्रश्न टोचतो, पण सगळ्या कागदाचा कणा तोच आहे.

नुसतं बोलणं दाखवलं तर म्हणतात, गंमत होती. नुसतं वगळणं दाखवलं तर म्हणतात, कामाची गडबड होती. दोन्ही एकाच कालरेषेवर मांडली की गंमत आणि गडबड ही दोन्ही उत्तरं अडखळतात. "मॅडम असल्या की मोकळं बोलता येत नाही" हे वाक्य म्हणूनच तुमच्याकडचं सगळ्यात मोलाचं आहे, नवऱ्याच्या वाक्यापेक्षाही. त्यात साहेबांनी न बोलावण्याचं कारण स्वतःच्या तोंडाने सांगितलंय, आणि ते कारण तुमचं काम नसून तुमचं बाई असणं आहे. त्याची तारीख, जागा, कोण कोण होतं, आणि त्यानंतरच्या पुढच्या तीन मीटिंगांना तुम्ही होता की नव्हता, हे आधी शोधा.

आता वही घ्या. प्रत्येक प्रसंगाला एक ओळ. तारीख आणि वार. कसली मीटिंग. तिथे तुम्ही असायला हवं हे कशावरून, म्हणजे प्रोसिजरचं कलम किंवा जुनी सवय. कोण हजर होतं. काय ठरलं. तुम्हाला केव्हा आणि कुणाकडून कळलं. तुम्ही लेखी काय विचारलं, उत्तर काय आलं. एवढंच. मनात काय आलं, साहेबांच्या मनात काय होतं, यातलं काही त्या ओळीत नको.

आणि ज्या मीटिंगांना तुम्हाला बोलावलं त्याही लिहा. हे सगळे विसरतात. १९ वेळा वगळलं म्हटलं की समोरचा विचारतो, कितीपैकी?

---

तिसरी पाळी | रविवार, दुपारी २.०५

बोलावलेल्याही लिहायच्या हे डोक्यातच आलं नव्हतं. त्याने माझीच बाजू पडेल असं वाटत होतं.

---

माळावरची | रविवार, दुपारी ४.४०

माझं कंपनीतलं नाही, पण लिहू का? मी पाच वर्षं सरपंच होते, महिला आरक्षणातून. पहिलं वर्षभर मासिक सभा माझ्याशिवायच व्हायच्या. उपसरपंचांच्या ओट्यावर ठरायचं, आणि शिपाई प्रोसिडिंग बुक घेऊन संध्याकाळी घरी यायचा, "ताई, इथं सही करा." मी चुलीपाशी बसून सह्या केल्या. लाज वाटते सांगायला.

मग माझ्या मावसभावाने सांगितलं, सही नाकारू नको, नाकारलीस तर कामं अडवते म्हणतील. सहीखाली आपल्या हाताने लिही: "सभेस बोलावणे नव्हते. घरी वही आणल्यावर वाचून सही. वेळ सायंकाळी ६.३०." तीन महिने तसं लिहिलं. चौथ्या महिन्यात ग्रामसेवकाने दप्तर तपासणीत ते पाहिलं आणि त्याला घाम फुटला, कारण सभेची वेळ सकाळी ११ लिहिलेली होती. पुढच्या सभेची नोटीस मला दोन दिवस आधी मिळाली.

ओट्यावरच्या बैठका बंद झाल्या असं नाही हं. पण वहीत खोटं लिहायला हात कचरू लागला.

---

रानजाई | रविवार, संध्याकाळी ५.००

माळावरची, हे मी चोरणार आहे. तिसरी पाळी, डेव्हिएशनचे कागद मागाहून तुमच्याकडे येतात का?

---

तिसरी पाळी | रविवार, संध्याकाळी ५.१८

येतात. फाइलला लावण्यापूर्वी इनिशियल करायला. आत्तापर्यंत निमूट करत आले. उद्यापासून वेळ आणि "बैठकीस निमंत्रण नव्हते" लिहीन.

---

सह्याद्रीचा वारा | रविवार, रात्री ८.२५

मुदतीचं मला माहीत नव्हतं, मान्य. पण मेल तरी स्वतःच्या जीमेलवर पाठवून ठेवा सगळे. उद्या लॉगिन बंद केलं तर हातात काय राहील?

---

कागदी घोडे | रविवार, रात्री ८.५०

नको! याच कारणावरून मी स्वतः दोन जणांना मेमो दिलेत. त्या मेलना कस्टमरचं ड्रॉइंग जोडलेलं असतं, गोपनीयतेचा करार मोडल्याचा ठपका लगेच बसतो आणि मूळ विषय बाजूला पडतो. घरच्या वहीत फक्त मेलची तारीख, वेळ आणि विषय उतरवा. डेव्हिएशनचा कागद क्रमांक लिहा.

---

रानजाई | रविवार, रात्री ९.१५

बरोबर. कागद हजर करायला लावण्याचा आणि साक्षीला बोलावण्याचा अधिकार समितीला दिवाणी न्यायालयासारखा आहे. तुम्ही क्रमांक दिलात की कागद काढून देणं कंपनीचं काम. फक्त तुमच्याबद्दलच्या वैयक्तिक मेसेजचे स्क्रीनशॉट तेवढे जपून ठेवा, त्यात कस्टमरचं काही नसतं.

---

तिसरी पाळी | मंगळवार, २१ एप्रिल, रात्री ११.५०

दोन रात्री जागून यादी केली. १ जानेवारी ते १५ एप्रिल. सोमवारचे आढावे आणि डेव्हिएशनच्या बैठका धरून, प्रोसिजरप्रमाणे क्वालिटी मॅनेजरने असायला हवं अशा ३१ मीटिंगा सापडल्या. १२ ला मला निमंत्रण होतं, १९ ला नव्हतं.

त्या १२ बघताना मीच चमकले. त्यातल्या ८ मध्ये कस्टमर किंवा ऑडिटर समोर बसलेला होता. म्हणजे बाहेरचा माणूस असला की मी लागते. आतल्या आत ठरवायचं असलं की नाही.

१९ पैकी ७ मध्ये माझ्या सहीचा निर्णय झाला, त्यातल्या ५ वर डेप्युटीची सही. प्रॉडक्शन, पर्चेस आणि मेंटेनन्सचे मॅनेजर या १९ पैकी एखाददुसरी सोडता सगळ्यांना होते. माझ्याआधी या खुर्चीत जे सर होते त्यांच्या शेवटच्या वर्षाची मिनिट्स सामायिक फोल्डरमध्ये आहेत. हजेरी लिहिलेल्या २८ मीटिंगा मिळाल्या, सर २६ ला होते.

"मोकळं बोलता येत नाही" हे २२ जानेवारीचं, गुरुवारचं. त्याच्या आधी जानेवारीत ६ मीटिंगा झाल्या, मी ४ मध्ये होते. त्यानंतर २५, मी ८ मध्ये.

एक ओळ जुन्या आणि नव्या पद्धतीने लिहून बघितली. जुनी: "१२ तारखेला पुन्हा मुद्दाम डावललं आणि त्याचं खापर माझ्यावर फोडलं." नवी: "१२ फेब्रुवारी, गुरुवार, दुपारी ३. ब्रॅकेटच्या बोअरची डेव्हिएशन बैठक, प्लांट हेडची केबिन. हजर: प्लांट हेड, प्रॉडक्शन मॅनेजर, माझे डेप्युटी. मी त्या वेळी शॉपवर होते, फोन चालू होता. निमंत्रण नाही. १,२०० नग पाठवण्याचा निर्णय. माझ्या नावापुढे डेप्युटींची सही. मला १३ ला सकाळी ९.२० ला डेप्युटींकडून कळलं. ९.४५ ला प्लांट हेडना मेल: बैठकीची माहिती मिळाली नाही, या मापाला माझी हरकत आहे, पुढच्या वेळी कळवावे. उत्तर १४ ला."

आणि ते उत्तर असं होतं: "तुम्हाला घरी वेळेवर जायचं असतं म्हणून उशिराच्या मीटिंगांचा त्रास देत नाही." तेव्हा मला ते चांगुलपणाचं वाटलं होतं!

---

शेंगदाणा चटणी | बुधवार, २२ एप्रिल, सकाळी ८.०५

पण ती मीटिंग तर दुपारी तीनला होती ना?

---

रानजाई | बुधवार, सकाळी ८.४०

चटणी, शाब्बास. तिसरी पाळी, १९ पैकी संध्याकाळी सहानंतरच्या किती?

---

तिसरी पाळी | बुधवार, सकाळी ९.१०

चार. फक्त चार.

---

रानजाई | बुधवार, दुपारी १.२०

मग त्यांनी लेखी दिलेलं कारण १५ मीटिंगांना लागूच पडत नाही. कुठल्याही विशेषणाशिवाय एवढंच लिहा आणि थांबा. "खोटं बोलले" असं लिहू नका. वाचणारा वजाबाकी स्वतः करतो आणि स्वतः केलेली वजाबाकी विसरत नाही.

२२ जानेवारीच्या आधीचे आणि नंतरचे आकडे ठेवा, पण जास्त ताणू नका. आधीच्या ६ च आहेत, लहान आकडा आहे. पूर्वीच्या सरांशी तुलना जास्त भक्कम.

---

कागदी घोडे | बुधवार, दुपारी २.००

ती तुलना मात्र तितकी भक्कम नाही. ते सर जुन्या साहेबांच्या काळातले. साहेब बदलले, पद्धत बदलली, असं कंपनी म्हणेल. नव्या साहेबांच्या काळात आलेला किंवा त्यांच्या मर्जीत नसलेला एखादा पुरुष मॅनेजर दाखवा, ज्याला तरीही बोलावतात. तो सापडला तर मी माझी शंका मागे घेतो.

---

तिसरी पाळी | बुधवार, रात्री १०.१५

मेंटेनन्सचे मॅनेजर. साहेबांचं आणि त्यांचं उघड भांडण आहे, दोनदा सगळ्यांसमोर आवाज चढलाय. तरी १९ पैकी १८ ला ते होते.

---

कागदी घोडे | बुधवार, रात्री १०.२२

घेतली मागे. बरीचशी.

---

निवांत | गुरुवार, २३ एप्रिल, सकाळी ७.५०

पहिल्या दिवशी विनोद केला त्याबद्दल माफी. कालपासून वाचतोय. आमच्या टीममध्येही एक मॅडम आहेत, आणि आमचे निम्मे निर्णय टपरीवर सिगारेट ओढताना होतात. त्यांना कुणी टाळत नाही, पण त्या टपरीवर येत नाहीत. हे पण यातच धरायचं का?

---

रानजाई | गुरुवार, सकाळी १०.३०

धरायचं की नाही माहीत नाही. टपरीवर ठरलं की परत येऊन दोन ओळींचा मेल टाका, "असं बोलणं झालं, कुणाची हरकत?" त्यांना निदान नाही म्हणायची संधी मिळेल. सुरुवात तुम्हीच का करत नाही?

---

माळावरची | गुरुवार, सकाळी ११.४५

यादीत महिला दिन आहे का हो? आमच्याकडे त्या दिवशी नारळ माझ्या हातात आणि टेंडर त्यांच्या हातात असायचं.

---

तिसरी पाळी | गुरुवार, रात्री ९.३०

आहे! ८ मार्चला रविवार होता म्हणून सोमवारी ९ ला साजरा केला. सकाळी ११ ला कॅन्टीनमध्ये माझ्या हस्ते केक. त्याच वेळेला सोमवारचा आढावा वर झाला, एरवी तो १० ला असतो. लिहायला बसले की हात शिवशिवतो, पण ओळीत फक्त दोन वेळा लिहिल्यात.

आता खरा पेच. सगळं एकाच तक्रारीत समितीला देऊ, की वेगवेगळं?

---

सह्याद्रीचा वारा | गुरुवार, रात्री ९.५५

एकच द्या. वजन पडतं.

---

रानजाई | गुरुवार, रात्री १०.४०

यावर आमच्या क्षेत्रातही एकमत नाही. मी असते तर दोन कागद केले असते. पहिला अंतर्गत समितीला: २९ जानेवारीचं वाक्य मुख्य, २२ चं त्याच्या आगेमागे, आणि वगळण्याची यादी परिशिष्ट म्हणून. त्या बोलण्यानंतर कामात अडथळा आणि अपमानाची वागणूक वाढली, असा तो धागा कलम ३ शी जोडायचा. वारा म्हणत होते ते कलम हेच. फक्त ते लैंगिक वागणुकीला चिकटून चालतं, एकटं सुटं चालत नाही. दुसरा कागद एचआर आणि व्यवस्थापनाला: प्रोसिजर मोडून झालेल्या ५ सह्या, १९ मीटिंगा, भेदभाव. समितीने पहिला कागद "आमच्या कक्षेत नाही" म्हणून परत केला तरी दुसरा उभा राहतो.

माझी एक मैत्रीण वकील आहे, ती वाराच्या बाजूची आहे. दोन कागद झाले की कंपनी सोयीचा तेवढा उचलते, असं तिचं म्हणणं. तिचंही चूक नाही.

पोलिसात जायचं की नाही हा तुमचा स्वतंत्र निर्णय, समितीची तक्रार त्याने अडत नाही. आणि कुणी घाबरवलं की सिद्ध झालं नाही तर तुमच्यावर कारवाई होईल, तर लक्षात ठेवा: पुरावा कमी पडणं म्हणजे खोटी तक्रार नव्हे, हे कायद्यातच लिहिलंय.

---

तिसरी पाळी | शनिवार, २५ एप्रिल, संध्याकाळी ७.१०

दोन कागद करतेय. पहिला अडीच पानं आणि यादीची तीन. काल डेप्युटीला विचारलं, २९ जानेवारीला तू तिथेच होतास, साक्षीदार म्हणून नाव घालू का? तो म्हणाला, "मॅडम, माझं घराचं लोन आहे." मी काही बोलले नाही. मुलगा वाईट नाही.

---

कागदी घोडे | शनिवार, संध्याकाळी ७.४०

नाव घाला. हजर होता एवढंच लिहा, तो काय बोलेल ते लिहू नका. समितीने बोलावल्यावर लोकांची भाषा बदलते, दोन्ही बाजूंनी. मी दोन्ही प्रकार पाहिलेत.

---

शेंगदाणा चटणी | शनिवार, रात्री ८.१५

मला नाही पटत. पोरगं अडकेल उगाच. त्याला आधी सांगून तरी घाला.

---

तिसरी पाळी | रविवार, २६ एप्रिल, सकाळी १०.००

सांगितलं. फोनवर बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला "घाला." नंतर रात्री मेसेज आला की जरा विचार करून सांगतो. अजून उत्तर नाही.

सोमवारी, २७ ला देतेय. समितीच्या अध्यक्षबाई आमच्याच कंपनीच्या दुसऱ्या प्लांटच्या आहेत, मेलवर आणि हातोहात दोन्ही देणार.

---

रानजाई | रविवार, सकाळी १०.२५

सहा प्रती लागतात, साक्षीदारांची नावं आणि पत्ते जोडून. सातव्या प्रतीवर पोच घ्या, तारीख आणि वेळेसकट. त्यांनी सात कामाच्या दिवसांत साहेबांना प्रत द्यायची, साहेबांनी दहा कामाच्या दिवसांत उत्तर द्यायचं, चौकशी ९० दिवसांत. ही तारखांची गणना वहीच्या शेवटच्या पानावर मांडून ठेवा. एक सांगा, प्रिंट कुठे काढताय?

---

तिसरी पाळी | रविवार, सकाळी १०.३१

ऑफिसमध्येच काढणार होते, सकाळी लवकर जाऊन.

---

कागदी घोडे | रविवार, सकाळी १०.३३

अहो नका! प्रिंटरवर लॉग राहतो. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जा, रविवारी दुपारी एकपर्यंत उघडा असतो.